पुरानंतरच्या क्लेम शिबिरात शाखाप्रमुखाने स्वागताचं भाषण कसं करावं

विमा कंपनीच्या शाखेचा चार्ज नव्याने घेतलेला असतो आणि गावात पूर येतो. पाणी ओसरतं, क्लेमचे फोन सुरू होतात आणि थोड्याच दिवसांत वरून निरोप येतो की शिबिर घ्या. मग हॉल, खुर्च्या, बॅनर, सर्व्हेअर, कॉम्प्युटर यांच्या मागे सगळी शाखा लागते. सुरुवातीला शाखाप्रमुखाने काय बोलायचं, हे मात्र कुणाच्याच यादीत नसतं. आयत्या वेळी माइक हातात येतो आणि एजंटांच्या वार्षिक मेळाव्यात करतो तसलं भाषण तोंडातून निघतं.

चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर अशा शिबिरात शाखाप्रमुख म्हणून मी बोललो आहे. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं आणि दुकानांचे तळमजले बुडाले होते. समोर बसलेली माणसं सकाळी गाळ उपसून दुपारी शिबिराला आली होती. कोणाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळत घातलेले कागद होते, कोणाच्या हातात काहीच नव्हतं. त्यांच्या मनात मोजके प्रश्न असतात: माझी पॉलिसी तुमच्याकडे सापडेल का? कागद भिजले त्याचं काय? सर्व्हे झाला, आता पुढे काय? पैसे आज मिळणार का? तुमचं भाषण म्हणजे या प्रश्नांची उत्तरं. ती तीन मिनिटांत देता येतात. कशी, ते क्रमाने सांगतो.

१. आदल्या संध्याकाळी ही माहिती एका कागदावर उतरवून घ्या

भाषण लिहायला बसण्याआधी माहिती गोळा करा. ती नसेल तर भाषणात नुसते गोड शब्द उरतात.

- आपल्या शाखेत पुराचे किती क्लेम नोंदले गेले, किती ठिकाणी सर्व्हेअर जाऊन आला, किती जणांचे डिस्चार्ज व्हाउचर तयार आहेत
- तुमच्या स्वतःच्या अधिकारात किती रकमेपर्यंतचे क्लेम मंजूर होतात आणि त्यावरचे कुठल्या कार्यालयात जातात
- उद्या कोणते सर्व्हेअर प्रत्यक्ष हजर राहणार आणि किती वाजेपर्यंत थांबणार
- कोणत्या बँकांचे अधिकारी येणार
- कागदपत्रांत वरिष्ठ कार्यालयाने कोणती सवलत दिली आहे. ती लेखी हवी, फोनवरची चालणार नाही
- टेबलांचे क्रमांक आणि प्रत्येक टेबलावर कोण बसणार

यातला दुसरा मुद्दा नवे शाखाप्रमुख हमखास सोडतात. आपल्या अधिकाराची मर्यादा डोक्यात पक्की नसेल, तर माइकवर “आजच निकाली काढतो” असं बोलून जातो. समोर बसलेल्या कारखानदाराची फाइल मात्र प्रादेशिक कार्यालयात जाणार असते. त्याने ते वाक्य लक्षात ठेवलेलं असतं आणि पुढचे कित्येक आठवडे तो तेच तुम्हाला ऐकवतो. त्यात त्याची काही चूक नसते.

२. हार, शाल, श्रीफळ आणि दीपप्रज्वलन काढून टाका

हे हॉल ठरवतानाच सगळ्यांना सांगून टाका. आमदार, तहसीलदार, व्यापारी संघटनेचे अध्यक्ष आले तर त्यांना पुढच्या रांगेत बसवा. एका वाक्यात नाव घ्या आणि आधीच विनंती करा की आज सत्कार ठेवलेला नाही, आपण बोललात तर दोन मिनिटं बोला. बहुतेक जण समजून घेतात, कारण त्यांच्याही घरात पाणी शिरलेलं असतं.

मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकचा फोटोही नको. पैसे बँक खात्यात जमा होतात, पुठ्ठ्याचा चेक नुसता दाखवायला असतो. एका दुकानदाराची रक्कम सगळ्या बाजारासमोर जाहीर झाली की शेजारचा दुकानदार स्वतःच्या रकमेशी तुलना करत बसतो. दोघांच्या पॉलिसी वेगळ्या असतात, पण ते तिथे उभं राहून समजावता येत नाही. वरिष्ठांना फोटो हवाच असेल तर टेबलावर काम चालू असताना, ज्याचा काढायचा त्याला विचारून आणि रक्कम न दाखवता काढा.

माइकचं सांगायचं तर वीज नियमित नसते असंच धरा. बॅटरीवर चालणारा भोंगा किंवा साधा हँडमाइक जवळ ठेवा. स्टेजवर चढू नका, खुर्च्यांच्या पातळीवर उभे राहा.

३. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण आणि आज काय होणार, ते सांगा

“आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करताना मला अत्यंत आनंद होत आहे” हे वाक्य आपल्या जिभेवर इतकं बसलंय की ते आपोआप येतं. पूरग्रस्तांसमोर आनंदाचा उल्लेख नको. “मान्यवर”, “शुभहस्ते”, “औचित्य साधून” हे सगळं शिबिराबाहेर ठेवा.

पहिलं वाक्य तुमची ओळख: नाव, शाखा, पद. दुसरं वाक्य आजचं काम. नुकसानीबद्दल बोलायचं तर एकच वाक्य बोला आणि ते डोळ्यांनी पाहिलेलं असू द्या. “चिंचनाक्यापासून बाजारपुलापर्यंत मी दुकानं पाहत आलो, शटरवर पाण्याची रेषा अजून दिसते” एवढं पुरे. लोकांना कळतं की हा माणूस फिरून आलाय. “तुमचं दुःख आम्ही समजू शकतो” असं मात्र म्हणू नका. त्यावर मागून “तुमच्या घरात पाणी आलं होतं का?” असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं.

४. गाभा: चार गोष्टी, याच क्रमाने

पहिली गोष्ट, पंचनामा आणि सर्व्हे यांतला फरक. तलाठी घरोघर येऊन पंचनामा करतो तो सरकारी मदतीसाठी असतो. विम्याच्या क्लेमसाठी विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना असलेला सर्व्हेअर येतो आणि नुकसान किती ते ठरवतो. लोकांची समजूत असते की तलाठी येऊन गेला म्हणजे विम्याचंही झालं. मग ते कंपनीला कळवतच नाहीत आणि ओला माल नगरपालिकेच्या गाडीत टाकून मोकळे होतात. उलट भीतीही असते: सरकारी मदत घेतली तर विमा बुडेल. तसं नाही. दोन्ही वेगळं आहे, एकामुळे दुसरं अडत नाही. हे एवढं एक वाक्य माइकवरून स्पष्ट सांगितलं तरी टेबलावरचे निम्मे प्रश्न कमी होतात.

पंचनाम्याची प्रत मात्र सोबत आणायला सांगा. पाणी किती चढलं, कोणत्या तारखेला चढलं याचा तो भक्कम पुरावा असतो.

दुसरी गोष्ट, भिजलेले कागद. पॉलिसीची मूळ प्रत वाहून गेली तरी नाव, मोबाइल नंबर किंवा गाडीच्या नंबरावरून ती कंपनीच्या सिस्टीममध्ये सापडते. हे सांगितलं की हॉलमध्ये हलकेपणा आलेला दिसतो. स्टॉक रजिस्टर गेलं असेल तर माल किती होता हे दाखवायचे दुसरे मार्ग आहेत: जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली विवरणपत्रं, कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, घाऊक व्यापाऱ्याकडून मागवलेली बिलांची दुसरी प्रत, सीएकडचा मागच्या वर्षाचा ताळेबंद. यातलं जे मिळेल ते आणा, असं सांगा. एक इशाराही द्या: बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि क्लेममध्ये लिहिलेला माल यांत मोठी तफावत असेल तर सर्व्हेअर विचारणारच. तेव्हा आकडा अंदाजाने फुगवू नका.

तिसरी गोष्ट, टेबलं. दुकान आणि कारखाना एकीकडे, घरं एकीकडे, गाड्या एकीकडे. पुरात घरातलं माणूस गेलं असेल तर त्यांना टोकन नको, त्यांना थेट तुमच्याजवळ येऊ द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता बँक खात्यातून वर्षाला एकदा कापला जातो. २०२१ साली तो १२ रुपये होता, जून २०२२ पासून २० रुपये आहे. घरच्यांना त्याची कल्पनाच नसते. पुरात बुडून झालेला मृत्यू अपघातात मोडतो आणि त्या योजनेत वारसाला २ लाख रुपये मिळतात. गेलेल्या माणसाचं पासबुक आणा, आपण बसून ती नोंद शोधू, असं माइकवरून जरूर सांगा. दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या बँकेचा विषय असला तरी मार्ग दाखवा.

चौथी गोष्ट, आज काय होईल आणि काय होणार नाही. हे सांगायला धीर लागतो, पण लोक खरं तर याचसाठी आलेले असतात. ज्यांचा सर्व्हे अहवाल आला आहे आणि रक्कम शाखेच्या अधिकारात आहे त्यांचं व्हाउचर आज होईल, पैसे खात्यात येतील. ज्यांचा सर्व्हे व्हायचा आहे त्यांना आज तारीख मिळेल. ज्यांचे कागद कमी आहेत त्यांना कोणते कमी ते आज लेखी मिळेल. तोंडी नको, एका चिठ्ठीवर लिहून, शाखेचा शिक्का मारून. तोंडी सांगितलं की पुढच्या वेळी दुसराच कर्मचारी दुसराच कागद मागतो आणि माणूस हेलपाटे मारत राहतो.

५. रक्कम कमी का येते, हे भाषणात एका वाक्यात आणि टेबलावर हिशोबाने सांगा

सगळी भांडणं इथे होतात, म्हणून या भागाला थोडी जागा देतो.

एक कपड्याचं दुकान घ्या. पॉलिसीत मालाचा विमा १० लाखांचा. पूर आला त्या दिवशी दुकानात माल प्रत्यक्षात २० लाखांचा, कारण गणपतीची खरेदी भरायला सुरुवात झाली होती. माळ्यावरचा ८ लाखांचा माल वाचला, खालचा १२ लाखांचा गेला. दुकानदाराचं म्हणणं असतं: नुकसान १२ लाख, विमा १० लाख, म्हणजे १० लाख द्या.

हिशोब वेगळा होतो. २० लाखांच्या मालाचा विमा १० लाखांचा काढला, म्हणजे निम्म्याच मालाचा हप्ता भरला. त्यामुळे प्रत्येक नुकसानीचा निम्माच भाग कंपनी देते. १२ लाखांचे ६ लाख. भिजलेल्या मालाला भंगारात काही किंमत येत असेल तर ती नुकसानीतून आधीच कमी होते. शेवटी पॉलिसीत लिहिलेली वजावट जाते. हाती ६ लाखांहून थोडे कमी राहतात. याला सरासरीचं कलम म्हणतात आणि ते पॉलिसीत छापलेलं असतं.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही नवी पॉलिसी आली. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर हे कलम लावत नाहीत. पण चिपळूणचा पूर जुलैमध्ये आला. वर्षभराच्या पॉलिसी असल्यामुळे बऱ्याच दुकानदारांची चालू पॉलिसी एप्रिलच्या आधी घेतलेली, जुन्या शर्तींची होती. तेव्हा प्रत्येकाच्या पॉलिसीची तारीख बघूनच बोला. आणि वरच्या उदाहरणात तर विमा निम्माच आहे, तिथे १५ टक्क्यांची सवलतही उपयोगाची नाही.

आता यावर दुसरी गोष्ट. दुकानावर कॅश क्रेडिट असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि पैसे आधी बँकेकडे जातात. दुकानदाराच्या मोबाइलवर मेसेज येतो, तो बँकेत धावतो आणि तिथे कळतं की रक्कम कर्जखात्यात वळती झाली. त्या माणसाला वाटतं विमा कंपनी आणि बँक मिळून आपले पैसे खाल्ले. म्हणून बँकेचा अधिकारी शिबिरात हवाच. कर्जखात्यात पैसे आले की बाकी कमी होते. मग नवा माल भरायला त्यातून पुन्हा उचल मिळेल का, आणि कोणत्या कागदांवर, हे त्या अधिकाऱ्यानेच सांगायला हवं.

हा हिशोब भाषणात करू नका. भाषणात एवढंच: “विमा किती रकमेचा आहे आणि पुराच्या दिवशी माल किती होता, यावर रक्कम ठरते. प्रत्येकाचा हिशोब आम्ही कागदावर करून दाखवू. तो समजल्याशिवाय सही करू नका.” हे शेवटचं वाक्य मनापासून सांगा. व्हाउचरवर सही करताना माणूस घाईत असतो, त्याला वाटतं सही नाही केली तर हेही जाईल. रक्कम पटली नाही तर तक्रार करता येते, विमा लोकपालाकडे जाता येतं, हे त्याला आपल्याच तोंडून कळलं पाहिजे.

६. ही वाक्यं माइकवरून बोलू नका

“कुणाचाही क्लेम नाकारला जाणार नाही.” हे खरं नसतं. ज्याच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा आहे त्याला गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. काही जुन्या आगीच्या पॉलिसींमध्ये हप्ता कमी करण्यासाठी पूर-वादळाचं संरक्षण काढून टाकलेलं असतं. अशा लोकांना दोन तास रांगेत बसवून शेवटी नकार ऐकवणं क्रूर आहे. टोकन देणाऱ्या टेबलावरच पॉलिसी उघडून बघायची सोय करा आणि जे बसत नाहीत त्यांना बाजूला नेऊन, खुर्ची देऊन, एका जाणत्या माणसाने शांतपणे समजावू द्या. सरकारी मदतीचा अर्ज कुठे करायचा हेही तिथेच सांगा.

“पॉलिसी घेताना नीट वाचायला हवी होती.” चारचौघांत हे ऐकवायचा अधिकार आपल्याला नाही. पॉलिसी इंग्रजीत होती आणि बहुतेकांना ती बँकेने कर्जासोबत काढून दिली होती.

“काळजी करू नका.” या तीन शब्दांच्या जागी एखादी पक्की माहिती द्या. “सर्व्हेअर सहा वाजेपर्यंत इथे आहेत” यानेच काळजी कमी होते.

नव्या पॉलिसीची जाहिरात. शिबिरात फॉर्म विकायला बसलेल्या एजंटाला हात जोडून थांबवा. पुढच्या वर्षीचा विमा पुढच्या वर्षी.

७. भाषणाचा नमुना

हा आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या. सावकाश वाचला तर तीन मिनिटांच्या आत संपतो.

“नमस्कार. मी या शाखेचा प्रमुख. आज इथे आपल्या पुराच्या क्लेमचं काम करायला आम्ही बसलो आहोत. बाजारपेठ, पेठमाप, खेर्डी सगळीकडे फिरून आलो आहे. तुम्ही हातातलं काम टाकून आलात, म्हणून थोडक्यात बोलतो.

तलाठ्यांचा पंचनामा सरकारी मदतीसाठी आहे. विम्यासाठी आमचा सर्व्हेअर येतो. दोन्ही वेगळं आहे. सरकारी मदत घेतली म्हणून विम्याचा क्लेम अडत नाही. ज्यांच्याकडे अजून सर्व्हेअर आला नाही त्यांनी एक नंबर टेबलावर नाव द्या, आजच तारीख मिळेल.

पॉलिसीचा कागद वाहून गेला असेल तर चालेल. नाव किंवा मोबाइल नंबर सांगा, आम्ही शोधून देतो. मालाची वही गेली असेल तर जीएसटीचे कागद, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, घाऊक व्यापाऱ्याची बिलं, मोबाइलमधले फोटो, यातलं जे असेल ते दाखवा. माल टाकून दिला असेल तर काय टाकलं त्याची आठवेल तशी खरी यादी लिहा. उरलेला ओला माल सर्व्हेअरने पाहीपर्यंत बाजूला ठेवा.

दुकान आणि कारखान्यांसाठी दोन नंबर टेबल. घरांसाठी तीन. गाड्यांसाठी चार. गाडीत पाणी गेलं असेल आणि ती अजून चालू केली नसेल तर कृपा करून चालू करू नका, ओढून गॅरेजला न्या. बँकेचे साहेब पाच नंबरला आहेत.

ज्यांच्या घरातलं माणूस या पुरात गेलं, त्यांनी रांगेत थांबू नका. सरळ माझ्याकडे या. त्यांचं बँकेचं पासबुक असेल तर आणा, खात्यातून विम्याचे पैसे कापले होते का ते आपण बघू.

आज कोणाला काय मिळेल ते सांगतो. ज्यांचा सर्व्हे अहवाल आला आहे आणि मंजुरी या शाखेत होते, त्यांचं काम आज होईल. मोठ्या रकमांच्या फाइल वरच्या कार्यालयात जातात, त्या कधी गेल्या ते तुम्हाला लिहून देऊ. कागद कमी असतील तर कोणते ते चिठ्ठीवर लिहून देऊ.

रक्कम कशी ठरली, याचा हिशोब मागा. तो तुमचा हक्क आहे. समजल्याशिवाय सही करू नका. पटलं नाही तर मला येऊन सांगा, मी इथेच आहे. पाणी आणि चहा डाव्या हाताला आहे. चला, सुरू करूया.”

खडपोली, खेर्डीच्या एमआयडीसीतले परप्रांतीय कामगार हॉलमध्ये असतील तर टेबलांची माहिती हिंदीतही एकदा सांगा.

गाडीच्या वाक्याचं कारण टेबलावरच्या माणसाला नीट माहीत असू द्या. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. हे नुकसान पुराने नव्हे, गाडी चालू केल्याने झालं असं धरलं जातं. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. नुसतं पाणी काढून, तेल बदलून जे काम थोडक्यात भागलं असतं ते इंजिनभर वाढतं.

८. मध्येच कोणी उठून बोललं तर

बोलेल. धरूनच चाला. “मागच्या पुरात काही दिलं नाही, आता काय देणार?” असा आवाज मागून येतो. चिपळूणला २६ जुलै २००५ चाही पूर लोकांच्या लक्षात आहे, त्या वेळचे राग अजून मनात असतात.

वाद घालू नका आणि “बसून घ्या” असंही म्हणू नका. माइक खाली घ्या, त्यांचं नाव विचारा. कोकणात वयाने मोठ्या माणसाला “काका” म्हणून बोलावलं की आवाज उतरतो. “काका, तुमची फाइल मी स्वतः बघतो, भाषण संपलं की माझ्याकडे या” एवढं सांगा, नाव कागदावर त्यांच्यासमोर लिहा आणि पुढे बोला. मग खरोखर आधी त्यांनाच बोलवा. बाकीचे ते बघत असतात.

कोणी रडायला लागलं तर थांबा. पाण्याचा ग्लास द्यायला एखादी सहकारी आधीच नेमून ठेवा. माइकवरून सांत्वन करू नका.

९. शिबिराला येणाऱ्यांसाठी कागदांची यादी

ही यादी मोठ्या अक्षरात छापून दारावर लावा आणि आदल्या दिवशी व्यापारी संघटनेच्या ग्रुपवर टाका. यादी भाषणात वाचू नका, कोणाच्याच लक्षात राहत नाही.

- पॉलिसीची प्रत किंवा नंबर. नसेल तर मोबाइल नंबर
- आधार आणि पॅन
- रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान
- नुकसानीचे फोटो, मोबाइलमध्ये असले तरी चालतील
- पंचनाम्याची प्रत, मिळाली असेल तर
- दुकानासाठी: जीएसटी विवरणपत्रं, खरेदीची बिलं, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट
- गाडीसाठी: आरसी, लायसन्स, गॅरेजचं एस्टिमेट
- घरातलं माणूस गेलं असेल तर: मृत्यू दाखला, पोलीस पंचनामा किंवा पोस्टमॉर्टेम अहवाल, बँकेचं पासबुक, वारसाचं आधार

क्लेम फॉर्म शिबिरातच ठेवा आणि भरून द्यायला दोन मुलं बसवा. डोळ्यांचा चष्मा वाहून गेलेले लोकही येतात.

१०. भाषण संपल्यावर कुठे बसायचं

पाहुण्यांना निरोप देत दाराशी उभे राहू नका आणि केबिनमध्येही जाऊ नका. “मी इथेच आहे” असं तुम्ही माइकवरून बोललेला आहात. ज्या टेबलावर कमी आलेल्या किंवा नाकारलेल्या क्लेमची माणसं बसवली आहेत, त्याच टेबलावर जाऊन बसा. जवळ कॅल्क्युलेटर आणि कोरे कागद ठेवा. वरच्या कपड्याच्या दुकानाचा हिशोब तुम्हाला दिवसभर वेगवेगळ्या आकड्यांनी करून दाखवावा लागेल. तो कागद त्या माणसाला घरी न्यायला द्या. घरी मुलगा, भाऊ, सीए तो कागद बघतात आणि शंका असेल तर दुसऱ्या दिवशी नेमका प्रश्न घेऊन येतात.

शिबिर उठवण्याआधी दिलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती गोळा करा. कोणाला कोणती तारीख दिली, कोणते कागद मागितले, कोणती फाइल वर पाठवायची, याची एक यादी त्याच रात्री करून प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. सर्व्हेच्या तारखा दिल्या असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअरला फोन करून त्या पुन्हा वाचून दाखवा.